गोळी लागू पडत नव्हती म्हणून

काकांना रात्री दाखल केलं ते चक्कर आणि अशक्तपणासाठी. छातीत दुखत नव्हतं, घाम नव्हता, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारा ट्रोपोनिन पहिल्या तपासणीत नॉर्मल होता. जुन्या अंजायनाचे, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याचे पेशंट, वय साठीच्या पुढे. केस पेपरवर औषधं लिहिली होती ती अशी: मेटोप्रोलॉल ५० मिलीग्रॅम, म्हणजे दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी, शिवाय अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन आणि दुखलं तर जिभेखाली नायट्रोग्लिसरीन. काकांना तेवढीच नावं पाठ होती.

सकाळच्या औषधांच्या फेरीत मी त्यांच्यापाशी आले. मेटोप्रोलॉलसारखा बीटा ब्लॉकर हातात असताना मनगटावर पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, हे मी कटाक्षाने पाळते. छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. ठोके संथ असले की पंधरा सेकंदांत एका ठोक्याची चूक झाली, तरी मिनिटाला चारचा फरक पडतो. आणि गोळी द्यायची की थांबायचं, हे तेवढ्या फरकावर ठरू शकतं. काकांचे ठोके भरले ४४. बीपी १०४/६२. चार्टवर डॉक्टरांनी लिहिलेली मर्यादा ५० होती. गोळी मी परत ठेवली, चार्टवर कारण आणि वेळ लिहिली, ईसीजी काढला आणि डॉक्टरांना फोन केला.

ईसीजीत लय साधीच होती, फक्त मंद. पण पीआर अंतर २४० मिलिसेकंद आलं. ते साधारण १२० ते २०० मध्ये असतं. वरच्या कप्प्यांतून निघालेला विद्युत संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचायला उशीर होत होता. रोजचं ५० मिलीग्रॅम मेटोप्रोलॉल, तेही बऱ्याच वर्षांपासून सोसलेलं. ते एकटं आजच हे करेल, हे मला पटेना.

मी विचारलं, "काका, आणखी कुठली गोळी घेता का? दुसऱ्या कुणी दिलेली?"

काका म्हणाले, "तशी नाही हो सिस्टर. म्हणजे एक आहे, पण ती बीपीची."

काकूंनी पिशवीतून पाकीट काढलं. डिल्टियाझेम, १२० मिलीग्रॅम, दिवसातून एकदा. पंधरवड्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरांनी सुरू केलेलं. त्यांच्याकडे जाताना काकांनी मेटोप्रोलॉलचं नाव सांगितलं नव्हतं, "एक छोटी पांढरी गोळी चालू आहे" एवढंच सांगितलं होतं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. अंजायनात हृदयाच्या स्नायूला लागतं तेवढं रक्त अरुंद झालेल्या धमन्यांतून पोहोचत नाही. बीटा ब्लॉकर अ‍ॅड्रेनलिनचा रेटा कमी करतो. ठोके मंदावतात, आकुंचनाचा जोर उतरतो, म्हणून मागणी घटते. शिवाय हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत, आणि ठोके मंदावले की ही विश्रांती लांबते. डिल्टियाझेम हा कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर, पण हे ब्लॉकर सगळे एका जातीचे नाहीत. अ‍ॅम्लोडिपिन प्रामुख्याने रक्तवाहिन्या सैल करतं. व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम रक्तवाहिन्यांबरोबर एव्ही नोडवरही बसतात, म्हणजे वरून आलेला संदेश जिथून खाली जातो त्या गाठीवर. त्या गाठीतल्या पेशी कॅल्शियमवर चालतात. बीटा ब्लॉकर तिचा वेग आधीच उतरवतो, त्यात डिल्टियाझेमची भर पडली की दोन्हींचा परिणाम एकत्र होतो. कुणाला काही होत नाही, कुणाचे ठोके चाळिशीत येतात, कुणाला पूर्ण ब्लॉक होतो, म्हणजे वरचा संदेश खाली पोहोचतच नाही. तज्ज्ञ डॉक्टर क्वचित ही जोडी मुद्दाम देतातही, पण ईसीजीवर नजर ठेवून. इथे ती कुणाच्याही नकळत जमली होती.

डॉक्टरांनी डिल्टियाझेम बंद केलं आणि मेटोप्रोलॉलचा फक्त त्या सकाळचा डोस रोखला. मॉनिटर लावला. ठोके वाढवणारं अ‍ॅट्रोपिन आणि बाहेरून पेसिंग करायचं यंत्र मी हाताशी आणून ठेवलं. डिल्टियाझेम हळूहळू सुटणारं असल्यामुळे त्याचा अंमल दिवसभर उरणार होता, म्हणून ठोके, बीपी आणि शुद्ध दर तासाला बघायचं ठरलं.

मेटोप्रोलॉल सरसकट बंद का केलं नाही, असं काकूंनी विचारलं, आणि प्रश्न अगदी बरोबर होता. बरीच वर्षं अ‍ॅड्रेनलिन अडवून ठेवलं की हृदयावरचे ते झेलणारे बिंदू वाढतात. गोळी एकदम सुटली तर तेवढंच अ‍ॅड्रेनलिन जास्त जोराने लागतं. अंजायना उसळतो, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. बंद करायचीच वेळ आली तर डॉक्टर एक ते दोन आठवड्यांत डोस उतरवत आणतात. एखादा डोस रोखणं आणि औषध सोडून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठोके ५० च्या खाली दिसले, चक्कर आली, तर गोळी घेण्याआधी फोन करा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका, हे मी दोघांना त्याच वेळी सांगितलं.

एवढ्यावर केस संपली असती. पण एक प्रश्न मला सोडेना. काका दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलेच का? म्हणाले, "छातीत दुखायचं ते थांबेना. जिभेखालची गोळी लागू पडत नव्हती."

दुपारी त्याचं उत्तर मिळालं. बाथरूमपर्यंत चालून आल्यावर काकांच्या छातीत दाब आला, डाव्या हातात कळ गेली. मी त्यांना पलंगावर टेकवून बसवलं. ठोके ५६, बीपी १२४/७६. वरचं बीपी ९० च्या खाली असतं तर नायट्रेट, म्हणजे नायट्रोग्लिसरीनच्या जातीचं औषध, दिलं नसतं. आणखी एक प्रश्न मी काकूंना बाहेर थांबायला सांगून विचारला: गेल्या दोन दिवसांत सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलसारखी गोळी घेतली होती का? ती गोळी शरीरात असताना नायट्रेट पडलं तर बीपी जीवघेणं खाली येऊ शकतं. सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास, टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट द्यायचं नसतं. हा प्रश्न घरच्यांसमोर विचारला की उत्तर खोटं येण्याची शक्यता असते. काका नाही म्हणाले. सहकारी सिस्टर ईसीजी काढत होती, तोवर मी डॉक्टरांच्या आदेशाप्रमाणे वॉर्डातली ०.५ मिलीग्रॅमची गोळी जिभेखाली ठेवली.

तीन मिनिटांत दुखणं ओसरलं. ईसीजीत नवा बदल नव्हता, नंतरचा ट्रोपोनिनही नॉर्मल आला. पाच मिनिटांनी बीपी १०८/६८, जे अपेक्षितच होतं. नायट्रेट शिरा सैल करतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, भिंतींवरचा ताण उतरतो. म्हणूनच गोळीनंतर उभं राहू द्यायचं नसतं. काका मात्र कपाळ धरून बसले होते.

"सिस्टर, ही गोळी वेगळी आहे का? डोकं ठणकायला लागलं. घरची गोळी कितीही घेतली तरी असं होत नाही."

या वाक्यावर मी त्यांना घरची गोळी दाखवायला सांगितली. काकूंनी प्लास्टिकचा औषधांचा डबा काढला, वारांचे कप्पे असलेला. एका कप्प्यात नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या इतर गोळ्यांबरोबर पडल्या होत्या. काचेची बाटली खिशात टोचते म्हणून काकांनी बऱ्याच महिन्यांपूर्वी त्या इकडे हलवल्या होत्या, आणि डबा शर्टाच्या खिशात, अंगाच्या उबेत राहत होता.

नायट्रोग्लिसरीन उडून जाणारं औषध आहे. उघड्यावर, उष्णतेत ते गोळीतून निघून जातं, प्लास्टिक आणि कापूसही ते शोषून घेतात. गोळी दिसायला तशीच राहते, आत औषध उरत नाही. डोकं दुखलं नाही म्हणजे गोळी निकामी, असा नियम नाही. बऱ्याच जणांचं डोकं सवयीने दुखेनासं होतं. पण आधी डोकं दुखायचं, मग गोळ्या डब्यात गेल्या, तेव्हापासून ना डोकं दुखलं ना छातीतलं दुखणं थांबलं, हा क्रम मला बोलका वाटला. मी तो डॉक्टरांना सांगितला. त्यांनी काकांना पुन्हा खोदून विचारलं. जिना चढताना आठवड्यातून एक-दोनदा दुखायचं, ते पूर्वीइतकंच होतं. आजार वाढलेला नव्हता. दुखणं लवकर थांबत नव्हतं, एवढंच. म्हणजे निकामी गोळीमुळे नवं औषध सुरू झालं होतं आणि त्या औषधाने ठोके ४४ वर आणले होते.

दुसऱ्या दिवशी ठोके ६४, पीआर १८०. मेटोप्रोलॉल पूर्वीच्याच डोसने परत सुरू झालं. पुढे तिसऱ्या औषधाची गरज पडली तर अ‍ॅम्लोडिपिनचा विचार करू, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. त्याने पायांवर सूज येऊ शकते, पण ठोक्यांना ते सहसा धक्का लावत नाही.

घरी जाण्याआधी मी काकांना नुसतं सांगितलं नाही, करून दाखवायला लावलं. छातीत दुखलं की असाल तिथे थांबा, बसा. एक गोळी जिभेखाली, चावायची नाही, पाण्याबरोबर गिळायची नाही. गिळली तर यकृतच तिचा बहुतेक भाग नष्ट करतं. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही किंवा वाढलं, तर लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. ती येईपर्यंत पाच-पाच मिनिटांच्या अंतराने आणखी दोन, एकूण तीनपेक्षा जास्त नाहीत. पहिल्यांदा काकांनी "तीन गोळ्या झाल्यावर फोन करायचा" असं सांगितलं. ही समजूत फार जणांची असते. मी पुन्हा समजावलं आणि पुन्हा वदवून घेतलं.

बाकीच्या गोळ्या वारांच्या डब्यात राहू द्यायला हरकत नव्हती. नायट्रोग्लिसरीन मात्र मूळ काचेच्या बाटलीत, झाकण घट्ट, कापूस काढून, उन्हापासून लांब. काकूंनी नव्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिली. औषधांची यादी आम्ही नावानिशी दिली आणि तिच्या तळाशी ठळक लिहिलं: डिल्टियाझेम बंद, कारण मेटोप्रोलॉलसोबत ठोके ४४.

तपासणीला परत आले तेव्हा काकांनी वही दाखवली. रोज सकाळी गोळीआधी मोजलेले ठोके, ५८ ते ६६ मधले. जिन्यावर दोनदा दुखलं होतं, दोन्ही वेळा एका गोळीने थांबलं होतं. मधे दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते, तेव्हा यादी सोबत नेली होती.