कोरम, नोटीस आणि एक मत: सभेआधीच्या दहा मिनिटांच्या भाषणाचा माझा अनुभव

आमच्या 48 सदनिकांच्या गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा सुरू होण्याआधी सचिव म्हणून सभासदांना दहा मिनिटं नियम सांगायचे, असं समितीत ठरलं. पहिला मसुदा पाच पानांचा झाला. त्यात कायद्याची कलमं होती, पण सभेत ज्यावरून हमखास वाद पेटतो ते प्रश्न नव्हते. म्हणून तो बाजूला ठेवला आणि फक्त तीन गोष्टी ठेवल्या: समितीनं सभेआधी काय करायला हवं, सभा वैध कधी धरायची आणि मत कुणाचं मोजायचं.

सुरुवात समितीच्या कामापासून केली. ती केली नाही तर ऐकणाऱ्याला वाटतं, नियम फक्त आपल्यालाच सांगितले जातायत. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं आणि सहा महिन्यांच्या आत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा घ्यायचीच, असं महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 चं कलम 75 सांगतं. ती घेतली नाही तर जबाबदार पदाधिकाऱ्याला निबंधक अपात्र ठरवू शकतात. सभेत वार्षिक अहवाल, लेखापरीक्षण झालेला हिशेब आणि आधीच्या लेखापरीक्षणातल्या त्रुटी दूर केल्याचा दोष दुरुस्ती अहवाल ठेवावा लागतो. हा शेवटचा कागद बहुतेक ठिकाणी टेबलावर येतच नाही आणि सभासदही मागत नाहीत. मी मुद्दाम सांगितलं: हिशेबावर हात वर करण्याआधी हा अहवाल मागा. समितीचे सदस्य आपल्या निर्णयांना संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतात. त्यामुळे एखादा ठराव पटला नाही तर समितीच्या सदस्यानं विरोध तोंडी न ठेवता इतिवृत्तात लिहून घ्यावा.

नोटिशीचा भाग मात्र सविस्तर घ्यावा लागला, कारण चूक इथेच होते. वार्षिक सभेसाठी 14 पूर्ण दिवसांची नोटीस लागते आणि ‘पूर्ण’ या शब्दावरच सगळं गणित फसतं. नोटीस मिळाली तो दिवस मोजायचा नाही आणि सभेचा दिवसही मोजायचा नाही. सभा रविवार, 21 सप्टेंबर 2025 रोजी. मधले 14 दिवस म्हणजे 7 ते 20 सप्टेंबर. म्हणून नोटीस 6 तारखेपर्यंत हातात पडायला हवी. त्या वर्षी 6 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती, तेव्हा विसर्जनाच्या गडबडीत घरोघर सह्या घेत फिरण्यापेक्षा नोटीस दोन-तीन दिवस आधीच वाटणं शहाणपणाचं. विशेष सभेला 5 पूर्ण दिवस पुरतात. सूचनाफलकावरचा कागद हवाच, पण त्यावर भागत नाही. प्रत्येक सभासदाला नोटीस हातात, टपालानं किंवा ईमेलनं पोचवायची आणि पोच जपायची. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि दोन निळ्या टिका आल्या म्हणजे नोटीस बजावली, असं मी तरी धरणार नाही.

मग कोरम, म्हणजे सभा वैध व्हायला किमान किती सभासद हजर हवेत. एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यातली जी संख्या कमी असेल ती. आमच्या 48 चे दोन तृतीयांश 32 होतात, म्हणून कोरम 20. अठरा घरांच्या इमारतीत तोच 12 होईल. वेळ झाली, अर्धा तास थांबलो आणि तरी कोरम नाही, तर सभा तहकूब होते. मग ती त्याच दिवशी नोटिशीत दिलेल्या पुढच्या वेळी भरवायची किंवा 7 दिवसांच्या आधी नाही आणि 30 दिवसांच्या नंतर नाही अशा तारखेला. तहकूब सभेला कोरमची अट नाही. ‘आम्ही आलो नाही तर सभाच होणार नाही’ या भरवशावर घरी बसणाऱ्यांसाठी हे वाक्य मी दोनदा म्हटलं. पण तहकूब सभेत विषयपत्रिकेवरचेच विषय घेता येतात. कोरम लागत नाही म्हणून नवा मोठा खर्च मध्येच घुसवता येत नाही.

सर्वांत जास्त वेळ मतदानाला दिला. तो समजवायला मी आकडा तयार ठेवला होता, कारण नियम वाचून दाखवले की लोक मान डोलावतात आणि मोजणीला भांडतात. समजा, हजेरीपत्रकावर 31 सह्या आहेत आणि लिफ्ट बदलण्याच्या ठरावावर मत घ्यायचं आहे. त्यातल्या दोन सह्या भाडेकरूंच्या. त्यांना मत नाही, उरले 29. एक सही मुलाची आहे आणि त्याच्याकडे वडिलांचं मुखत्यारपत्र आहे. सर्वसाधारण सभेला प्रतिनिधी किंवा मुखत्यार चालत नाही, म्हणून 28. एका घरातून नवरा-बायको दोघं आले. भाग दाखल्यावर पहिलं नाव नवऱ्याचं आणि तो हजर आहे, म्हणजे मत त्याचं. उरले 27. एका सभासदाच्या दोन सदनिका आहेत आणि त्यानं दोनदा सही केली आहे. सभासद एक, मत एक, सदनिका कितीही असोत. म्हणून 26. हजेरी कोरमच्या 20 पेक्षा जास्त आहे, सभा वैध. आता 12 बाजूनं, 12 विरुद्ध आणि 2 तटस्थ. इथे अध्यक्षांना निर्णायक मत असतं आणि ते आपल्या आधीच्या मताखेरीज देतात.

भाग दाखल्यावर दुसरं नाव असलेल्या संयुक्त सभासदाला पहिला गैरहजर असेल तर मत मिळतं. सहयोगी सभासदाची गोष्ट थोडी वेगळी: त्याला मूळ सभासदाची लेखी संमती आधीच लागते. ती चिठ्ठी सभेच्या दिवशी दारात शोधू नका, आदल्या दिवशीच सचिवाकडे द्या. थकबाकीदारांबद्दल एकच सांगतो. थकबाकी असली तर समितीवर निवडून येता येत नाही, पण म्हणून कुणाला सभेच्या दारात अडवायचं नाही.

साधा ठराव हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमतानं होतो. उपविधी बदलायला मात्र दोन तृतीयांश लागतात आणि निबंधकांची मंजुरी येईपर्यंत तो बदल लागू होत नाही. समिती बोलावत नसेल तर एक पंचमांश सभासद लेखी मागणी करून विशेष सभा लावू शकतात. आमच्याकडे 48 चा पाचवा हिस्सा 9.6, म्हणून दहा सह्या. मागणी मिळाल्यापासून महिन्याच्या आत सभा घ्यावी लागते. मागणीत विषय नेमका लिहा. ‘कारभाराबद्दल’ एवढंच लिहिलेल्या अर्जातून चर्चा होते, ठराव होत नाही.

हे सांगून झाल्यावर एकानं विचारलं, पुनर्विकासाचं काय? त्याचे कोरम आणि संमतीचे नियम वेगळे आहेत, ते या सभेत मिसळू नका, एवढंच उत्तर दिलं. मग हजेरीपत्रकात सहीच्या शेजारी सदनिकेचा क्रमांक आणि ‘पहिलं नाव / संयुक्त / सहयोगी’ अशी एक खूण करायची सोय दाखवली आणि पेन पुढच्या रांगेत सरकवलं.