वय बदलतं की पिढी? माझ्या प्रबंधातला सगळ्यात अवघड भाग

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी विषय घेतला होता वय आणि स्मरणशक्तीचा. वय वाढतं तशी स्मरणशक्ती किती कमी होते आणि ती घसरण कुठल्या वयात सुरू होते, हे शोधायचं होतं. वर्षानुवर्षं लोकांच्या मागे राहून चाचण्या घेणं विद्यार्थ्याला शक्य नसतं, म्हणून तयार माहिती वापरायचं ठरलं. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या 'लासी' म्हणजे 'लॉन्जिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया' या पाहणीची माहिती संशोधनासाठी रीतसर अर्ज करून मिळते. तिची पहिली फेरी 2017-18 मध्ये झाली. 45 वर्षांवरचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून सुमारे 72,000 जणांना त्यात घरी जाऊन भेटलेले आहे. स्मरणशक्तीची चाचणी साधी: दहा शब्द ऐकवायचे, लगेच विचारायचे आणि मधे दुसरे प्रश्न झाले की पुन्हा विचारायचे.

आराखडा मांडला तेव्हा मार्गदर्शक मॅडमनी एकच प्रश्न विचारला. "तुझ्या तक्त्यात पन्नाशीच्या बायका आणि ऐंशीच्या बायका शेजारी शेजारी बसल्यात. पन्नाशीची बाई तीस वर्षांनी त्या ऐंशीच्या बाईसारखी होणार आहे, हे तुला कुणी सांगितलं?" पुढचे कित्येक महिने मी या एका प्रश्नाचं उत्तर शोधत होते.

लासी नावाने लॉन्जिट्यूडिनल आहे, म्हणजे त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जाण्यासाठी आखलेली. पण माझ्या हातात होती फक्त पहिली फेरी, आणि एकटी फेरी ही क्रॉस-सेक्शनल पाहणीच असते. एकाच काळात वेगवेगळ्या वयाची माणसं गाठली जातात. त्यातून त्या काळातल्या वयोगटांमधला फरक कळतो. एकाही माणसात झालेला बदल दिसत नाही, कारण प्रत्येकाला एकदाच भेटलेलं असतं.

मॅडमचा प्रश्न किती खरा होता ते शिक्षणाचा रकाना उघडल्यावर दिसलं. 2018 मध्ये ऐंशी वर्षांची असलेली बाई 1938 ची. ती शाळेच्या वयात होती त्या सुमाराला, 1951 च्या जनगणनेत, देशात स्त्रियांचं साक्षरतेचं प्रमाण नऊ टक्क्यांच्या आसपास होतं. पन्नाशीची बाई 1968 ची. तिच्या शाळेच्या दिवसांतल्या 1981 च्या जनगणनेत तेच प्रमाण जवळपास तीस टक्के झालं होतं. पन्नाशीच्या बाईला लहानपणी पाटी मिळाली असण्याची शक्यता ऐंशीच्या बाईपेक्षा कितीतरी जास्त. आणि कुणीतरी अनोळखी माणूस समोर बसून दहा सुटे शब्द सांगतो, ते लक्षात ठेवून परत सांगायचे, हा प्रकारच शाळेतल्या सवयीचा आहे. शाळेत गेलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटतो. तेव्हा माझ्या आलेखातली उतरती रेघ ही काही अंशी म्हातारपणाची होती आणि काही अंशी 1938 साली जन्मल्याची.

मग शिक्षणानुसार गट पाडून पुन्हा पाहिलं. फरक स्पष्ट कमी झाला, पण संपला नाही. इथे हातपाय पसरावेसे वाटतात, की चला, उरलेला फरक तो वयाचा. तसं म्हणता येत नाही. 1940 च्या दशकात खेड्यातली जी मुलगी सातवीपर्यंत शिकली, तिचं घर चारचौघांसारखं नव्हतं. बहुतेक तिथे जमीन होती, किंवा वडील शिक्षक होते, किंवा कुणीतरी हट्टाने तिला शिकवलं होतं. 1975 साली सातवी झालेली मुलगी बरीच सामान्य घरातली असू शकते. रकान्यात दोघींपुढे आकडा सातच असतो. म्हणजे शिक्षण समान केलं की पिढीचा फरक पुसला जात नाही, तो दुसऱ्या बाजूला झुकूही शकतो. शिवाय ऐंशीची जी बाई पाहणीत सापडते ती ऐंशीपर्यंत जगलेली असते. तिच्याबरोबर जन्मलेल्या बऱ्याच जणी त्या आधीच गेलेल्या असतात, आणि जगलेल्या अर्थातच जास्त धडधाकट.

आणखी एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. लासीत 45 वर्षांखालची माणसंही दिसतात, पण ती फक्त जोडीदार म्हणून आलेली. आपल्याकडे नवरा सहसा वयाने मोठा, त्यामुळे त्या वयोगटात जवळजवळ सगळ्या बायकाच. त्यांना 'तरुण गट' म्हणून तुलनेला घेतलं, की वयाबरोबर स्त्री-पुरुष फरकही नकळत मोजला जातो. मी तो गट विश्लेषणातून बाहेर ठेवला.

वय आणि पिढीच्या या सरमिसळीवर उपाय म्हणून सगळे लॉन्जिट्यूडिनल अभ्यासाचं नाव घेतात, म्हणून मी त्यातला सगळ्यात गाजलेला अभ्यास नीट वाचायला घेतला. मानसशास्त्रज्ञ के. वॉर्नर शाय यांनी 1956 मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये एका आरोग्य योजनेच्या सभासदांमधून विशीपासून सत्तरीपर्यंतचे 500 लोक निवडले आणि शब्दार्थ, तर्क, आकडेमोड, आकृती मनात फिरवणं अशा क्षमता मोजल्या. मग दर सात वर्षांनी तीच माणसं पुन्हा बोलावली. एकट्या पहिल्या फेरीतली वयोगटांची तुलना पाहिली तर बऱ्याच क्षमता तिशीनंतर लगेच उतरताना दिसतात. त्याच माणसांचा पुढचा प्रवास पाहिला तर बऱ्याच क्षमता मध्यमवयापर्यंत टिकतात किंवा थोड्या वाढतात, आणि ठळक घसरण साठीच्या पुढे दिसते. माणसं तीच, चाचणी तीच, तरी चित्रं दोन. मधल्या फरकातला मोठा भाग पिढीचा होता: तर्काच्या चाचणीत नंतर जन्मलेल्या पिढ्या आधीच्यांपेक्षा पुढे होत्या. आकडेमोडीत मात्र असं झालं नाही; तिथे 1920 च्या दशकाच्या आसपास जन्मलेले सरस होते आणि नंतरच्या पिढ्या मागे पडल्या. त्यामुळे आकडेमोडीत क्रॉस-सेक्शनल तुलना घसरण फुगवण्याऐवजी झाकते. मला हे आधी माहीत नव्हतं. क्रॉस-सेक्शनल अभ्यास म्हातारपण नेहमी जास्त काळं रंगवतो, असंच सगळीकडे वाचलं होतं.

पण त्याच माणसांकडे परत जाण्याचीही किंमत असते. 1963 मध्ये 500 पैकी सुमारे 300 जण परत आले. न आलेले कोण? काही वारले, काही आजारी, काही गाव सोडून गेले, काहींनी नकार दिला. अशा अभ्यासांत पहिल्या वेळी कमी गुण मिळालेले लोक गळण्याची शक्यता जास्त असते. याने काय होतं ते मी वहीत पाच माणसं घेऊन करून पाहिलं. समजा पाच आजोबांनी दहापैकी 6, 5, 5, 3 आणि 2 शब्द सांगितले. सरासरी 4.2. काही वर्षांनी शेवटचे दोघे आले नाहीत, आणि आलेल्या तिघांनी 5, 5 आणि 4 सांगितले. नवी सरासरी जवळपास 4.7. सरासरी वर गेली, आणि सुधारलं मात्र कुणीच नाही. तिघांचीच आधीची सरासरी काढली तर ती 5.3 होती, म्हणजे खरं तर घसरण झाली. म्हणून अशा अभ्यासात पहिला प्रश्न हाच विचारायचा: दोन्ही फेऱ्यांची सरासरी एकाच माणसांची आहे का? आणि दुसरा: न आलेल्यांचे पहिल्या फेरीतले गुण वेगळे छापलेत का? तिघांची घसरण बरोबर मोजली तरी उरलेल्या दोघांचं काय झालं ते त्यातून कळत नाहीच, आणि जास्त घसरण बहुधा त्यांचीच झालेली असते.

दुसरी अडचण सरावाची. तीच चाचणी दुसऱ्यांदा देणाऱ्याची भीड चेपलेली असते, काय विचारणार ते ठाऊक असतं. वयाने जितकं घालवलं, त्यातलं थोडं सराव भरून देतो आणि घसरण उशिरा सुरू झाल्यासारखी दिसते. मानसशास्त्रज्ञ टिमथी साल्टहाउस यांनी 2009 मध्ये याच मुद्द्यावर जोर देऊन म्हटलं, की काही क्षमतांची घसरण विशी-तिशीतच सुरू होते आणि लॉन्जिट्यूडिनल अभ्यासात ती सरावाखाली दडते. शाय आणि इतरांना ते मान्य झालं नाही. मला या वादात शाय यांची पद्धत जास्त भरवशाची वाटते, कारण त्यांनी प्रत्येक फेरीत नवीन माणसंही भरती केली होती. एकाच वर्षी जन्मलेले दोन गट घ्या, एक पहिल्यांदा चाचणी देणारा आणि एक दुसऱ्यांदा. दोघांमधला फरक सरावाचा आणि गळतीचा. त्यातला गळतीचा भाग पहिल्या फेरीच्या गुणांवरून काढता येतो, आणि मग सरावाचा अंदाज हाती येतो. प्रत्येक क्षमतेसाठी हे वेगळं करावं लागतं, तेव्हा साल्टहाउस यांचा आक्षेप मी सोडून दिला नाही, प्रबंधात नोंदवून ठेवला.

तिसरी गोष्ट काळाची. वय म्हणजे चाचणीचं वर्ष वजा जन्मवर्ष. दोन आकडे ठरले की तिसरा आपोआप ठरतो, म्हणून वय, पिढी आणि काळ यांचे तीन परिणाम निव्वळ गणिताने सुटे करता येत नाहीत. कुठेतरी बाहेरून काहीतरी गृहीत धरावं लागतं. लासीच्या पहिल्या फेरीतल्या माणसांना पुढे पुन्हा भेटलं, तर मधे कोविड येऊन गेलेला आहे. तेव्हा दिसणाऱ्या घसरणीत वाढलेली वर्षं किती आणि आजारपण, एकटेपणा किती, हे त्याच माणसांच्या दोन आकड्यांवरून सांगता येणार नाही.

हे सगळं झाल्यावर माझ्या प्रबंधातला दावाच बदलला. घसरण कुठल्या वयात सुरू होते हा प्रश्न मी काढून टाकला, कारण माझी माहिती त्याचं उत्तर देऊ शकत नव्हती. त्याच्या जागी 2017-18 मध्ये वेगवेगळ्या वयोगटांत शब्द आठवण्यात किती फरक होता आणि त्यातला किती शिक्षणाशी जोडलेला होता, एवढंच ठेवलं. वयोगटाच्या प्रत्येक तक्त्यात जन्मवर्षांचा रकाना जोडला, म्हणजे वाचणाऱ्याला '75 ते 79' च्या शेजारी ही माणसं फाळणीच्या आधी जन्मली हे दिसावं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, की मग एका फेरीच्या माहितीचा उपयोग काय? याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, कारण शेवटचं प्रकरण त्यावरच होतं. आज जिल्ह्यात स्मृतिभ्रंशाच्या तपासणीची सोय करायची असेल, तर तपासणीला येणारी आजी 1938 चीच असणार आहे, शाळेत न गेलेली. तिची स्मरणशक्ती वयाने कमी झाली की शाळा न मिळाल्याने, हा प्रश्न तिथे दुय्यम आहे. तिच्या वयाच्या, तिच्याइतक्याच शिकलेल्या बायका साधारण किती शब्द सांगतात हे डॉक्टरांना माहीत हवं, नाहीतर निरोगी बाईवरही आजाराचा शिक्का बसेल. ते मोजायला क्रॉस-सेक्शनल पाहणीच लागते. फक्त ते मापदंड दर पिढीला नव्याने काढावे लागतात. 1968 ची बाई ऐंशीची होईल तेव्हा 2018 चे आकडे तिला लावले, तर तिच्यातली खरी घसरण बराच काळ कुणाच्या लक्षातच येणार नाही.