एकोणिसावा मुद्दा पहिला आणताना

समीक्षेसाठी हस्तलिखित आलं, तेव्हा आधी संपादकांना विचारलं की माझी पीएचडीची विद्यार्थिनी सोबत काम करील, चालेल का. त्यांचा होकार आला, तिचं नाव कळवलं, मगच फाइल तिला दिली. (ओळख पटू नये म्हणून इथे पीक आणि आकडे बदलले आहेत.)

निबंध सोयाबीनच्या जिवाणू खतावरचा. तिने मुद्दे पानांच्या क्रमाने लिहिले होते. पहिला मुद्दा, जिवाणूचं नाव तिरप्या अक्षरांत नाही. एकोणिसावा, "लेखकांना संख्याशास्त्राची प्राथमिक माहितीही नाही. विश्लेषण चूक आहे."

इंदूरच्या आमच्या विभागात तिला समोर बसवून विचारलं, "चूक नेमकी कुठे आहे?"

"मॅडम, चार ट्रीटमेंट आहेत, पण प्रत्येकीला प्लॉट एकच. त्यातून पाच-पाच नमुने घेतलेत आणि त्यांनाच रेप्लिकेशन म्हटलंय. तक्त्यात एररचे डिग्रीज ऑफ फ्रीडम १६ आलेत ते त्यामुळेच."

अगदी नेमकं पकडलं होतं तिने! खत प्लॉटला दिलेलं असतं, नमुन्याला नाही. एखाद्या प्लॉटमधली काळी माती जरा खोल असली, ओल जास्त धरून राहिली, तर उत्पादन खतामुळे वाढलं की मातीमुळे, हे सांगता येत नाही. प्लॉट हे एकक धरलं तर एररसाठी डिग्रीज ऑफ फ्रीडम उरतच नाहीत. एकाच प्लॉटमधल्या नमुन्यांना रेप्लिकेशन धरण्याच्या या चुकीला परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली 'स्यूडोरेप्लिकेशन' म्हटलं. पण यातलं काहीच तिच्या मसुद्यात उतरलं नव्हतं.

मग एकेका मुद्द्याला आम्ही एकच प्रश्न लावला: लेखकांनी हे दुरुस्त केलं नाही, तर निष्कर्ष टिकतो का? प्लॉटचा मुद्दा सोडला तर बाकी सगळ्यांचं उत्तर 'टिकतो' असं आलं, म्हणून तो पहिल्या क्रमांकावर आणला. मुळांवरच्या गाठी पेरणीनंतर कितव्या दिवशी मोजल्या हे लिहिलेलं नव्हतं. ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं, कारण त्याशिवाय प्रयोग कुणाला परत करता येणार नाही. तिरपी अक्षरं आणि स्पेलिंग शेवटी, एका परिच्छेदात.

एकोणिसावा मुद्दा तिच्याकडूनच लिहून घेतला: "पद्धतीच्या विभागावरून प्रत्येक ट्रीटमेंटला एकच प्लॉट दिसतो. तसं असेल तर पाच नमुन्यांमधून प्लॉटच्या आतला फरक कळतो, खताचा परिणाम नाही. प्लॉट एकाहून जास्त असतील तर आराखडा द्यावा आणि प्लॉट हे एकक धरून विश्लेषण पुन्हा करावं. नसतील तर 'खतामुळे उत्पादन वाढलं' हा दावा काढून केवळ निरीक्षण म्हणून मांडावं." 'दिसतो' हा शब्द मी मुद्दाम ठेवला. प्लॉट एकाहून जास्त असतील आणि लिहायचे राहिले असतील, अशीही शक्यता होती.

तिने आणखी दोन हंगामांचे प्रयोगही मागितले होते. ते मी काढलं. दावा मर्यादित केला तर त्यांची गरज उरत नाही. 'नाकारावा' ही तिची शिफारस लेखकांच्या मजकुरातून काढली. शिफारस संपादकांसाठीच्या गोपनीय रकान्यात जाते. तिथे आम्ही 'मोठी दुरुस्ती' लिहिलं आणि सोबत हेही, की प्लॉट खरोखर एकेकच निघाले तर मुख्य दावा उभा राहत नाही.