मॉइश्चरायझरची वही: फिनॉक्सिइथेनॉलखाली रेघ

पुण्याची हवा कोरडी झाली, म्हणून या खेपेला घरातल्या दोन घटकयाद्या शेजारी ठेवून वाचल्या. एक ‘हायल्युरॉनिक’ म्हणून मिरवणारं जेल, दुसरं साधं पांढरं बॉडी क्रीम.

यादी उतरत्या क्रमाने असते, पण १ टक्क्यापर्यंतच. त्याखालचे घटक कंपनी हव्या त्या क्रमाने लिहू शकते. त्यामुळे मी आधी फिनॉक्सिइथेनॉल शोधते. या प्रिझर्व्हेटिव्हला युरोपात १ टक्क्याची कमाल मर्यादा आहे, म्हणजे यादीत त्याच्यानंतर येणारं सगळं साधारण तेवढं किंवा त्याहून कमी. तिथे पेन्सिलीने रेघ मारायची.

जेल: पाणी, ग्लिसरिन, ब्युटिलीन ग्लायकॉल, फिनॉक्सिइथेनॉल, कार्बोमर, सोडियम हायल्युरोनेट. बाटलीवर मोठ्या अक्षरात छापलेला घटक रेघेच्या खाली निघाला! त्यात फसवणूक असेलच असं नाही, कारण हायल्युरोनेट थोडंसंच पुरतं. पण खरं काम ग्लिसरिन करतंय. ग्लिसरिन, ब्युटिलीन ग्लायकॉल आणि हायल्युरोनेट हे ह्युमेक्टंट: पाणी ओढून त्वचेच्या वरच्या थरात धरून ठेवणारे. हवा दमट असेल तर तेवढ्याने भागतं. कोरड्या हवेत मात्र ते पाणी उडून जातं, कारण या यादीत त्याला अडवणारं काहीच नाही. लावल्यावर थोड्या वेळाने चेहरा ओढल्यासारखा वाटतो तो यामुळे.

क्रीम: पाणी, ग्लिसरिन, पेट्रोलेटम, सिटिअरिल अल्कोहोल, कॅप्रिलिक-कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, डायमेथिकोन, फिनॉक्सिइथेनॉल. इथे पाणी ओढणारे ह्युमेक्टंट, ते अडवणारे ऑक्लुझिव्ह आणि त्वचा मऊ करणारे इमोलियंट असे तिन्ही गट रेघेच्या वर आहेत.

अडवायचं काम ऑक्लुझिव्हचं: पेट्रोलेटम, पॅराफिनम लिक्विडम म्हणजे मिनरल ऑइल, सेरा अल्बा म्हणजे मधमाशांचं मेण, आणि त्यामानाने हलकं डायमेथिकोन. शुद्ध पेट्रोलेटमसारखं पाणी कोंडून ठेवणारं दुसरं क्वचितच सापडेल. चिकटपणा ही त्याची किंमत.

इमोलियंट ओळखताना गोंधळ जास्त होतो. सुटू पाहणाऱ्या कोरड्या पेशींमधल्या फटी भरून ते त्वचा मऊ करतात. सिटिल, सिटिअरिल आणि स्टिअरिल अल्कोहोल यांच्या नावाला घाबरू नका, ती मेणचट आहेत. उडून जाणारं ते ‘अल्कोहोल डिनॅट’. आयसोप्रोपिल पामिटेटसारखी ‘एट’ने संपणारी नावंही बहुतेकदा इमोलियंटच असतात, पण पुढे ‘सोडियम’ दिसलं तर थांबा: सोडियम बेंझोएट प्रिझर्व्हेटिव्ह आहे. शिया बटर आणि लॅनोलिन दोन्ही कामं करतात, म्हणून वहीत त्यांना दोन्ही रकान्यांत टाकलंय.

यादी टक्के सांगत नाही, हा अडसर राहतोच. तिसऱ्या क्रमांकावरचं पेट्रोलेटम ४ टक्केही असेल, १५ही. म्हणून एका हाताला जेल, दुसऱ्याला क्रीम लावून संध्याकाळी नखाने हलकी रेघ ओढून पाहिली. जेलच्या हातावर पांढरी उमटली, म्हणजे तिथली त्वचा कोरडी होती; क्रीमच्या हातावर नाही. आता ओलसर त्वचेवर जेल आणि वरून क्रीमचा पातळ थर असं सुरू केलंय. पुढची नोंद युरियाची: कमी प्रमाणात तो ह्युमेक्टंट, पण २० टक्क्यांच्या वर गेला की जाड कातडी सोलवटून काढतो, त्यामुळे तिथे टक्केवारी छापलेलीच ट्यूब घेणार आहे.