ग्रॅड लॉग, फेरी चौथी: सी लिंकचे खांब सुटले!

ग्रॅड म्हणजे वर गडद, खाली पारदर्शक असा फिल्टर; लेन्ससमोर लावून उजळ आकाश दाबायचं. मागच्या तीन फेऱ्यांची रड एकच: वांद्रे किल्ल्यावरून सी लिंक, आकाश छान दबलेलं, आणि खांबांच्या वरच्या भागाला कुणीतरी डांबर फासल्यासारखं. शनिवारी चोर सापडला. मी फिल्टरला शिव्या घालत होतो आणि चोर बसला होता एफ १६ च्या बारीक छिद्रात.

छिद्र लहान केलं की फिल्टरच्या अगदी छोट्या भागातूनच प्रकाश आत येतो, त्यामुळे हार्ड ग्रॅडची, म्हणजे गडद भाग एकदम संपणाऱ्या फिल्टरची, कड फोटोत रेघेसारखी उमटते. सपाट समुद्रावर ती क्षितिजात लपते. इथे खांब तिला आडवे छेदून वर जातात, म्हणून लगेच पकडली जाते. ट्रायपॉड तसाच ठेवून ५० एमएमवर एफ ८ केलं. कड पसरली, खांब हळूहळू गडद होत वर गेले आणि डोळ्याला काही खुपेना. तिथेच कठड्यावर बसून दोन वडापाव खाल्ले.

दुसरी चूक ३ स्टॉपच्या फिल्टरची. एकेक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो. सूर्यास्ताआधी स्पॉट मीटरने एफ १६, आयएसओ १०० वर पाण्याला १/८ आणि क्षितिजालगतच्या आकाशाला १/६० आलं. फरक ३ स्टॉप, म्हणून मी ३ चाच लावत होतो. पण मग आकाश आणि पाणी सारखंच उजळ होतं आणि चित्र खोटं दिसतं, कारण पाण्यातलं प्रतिबिंब आकाशापेक्षा थोडं गडदच असतं. आता २ स्टॉपचा लावला आणि पाण्यासाठी एफ ८ ला १/३० ठेवलं. आकाश एक स्टॉप वर राहिलं, हिस्टोग्रामची उजवी कड मोकळी, म्हणजे आकाश कुठे जळलं नाही. हे आधी तपासा. एकदा जळलेलं आकाश रॉमध्ये खाली ओढलं तर नुसतं राखाडी होतं.

फोर्टातून स्वस्तात आणलेला रेझिनचा २ स्टॉप मात्र आकाशाला जांभळट छटा देतो. व्हाइट बॅलन्स हलवला तर पाणी हिरवट होतं, म्हणून छटा फक्त आकाशाच्या ग्रेडियंट मास्कमध्ये काढावी लागली. पैसे वाचले असं म्हणवत नाही. शिवाय खाऱ्या वाऱ्याने दहा मिनिटांत काच धुरकट होते, कापड खिशात हवंच.

एफ ८ ची किंमतही मोजावी लागली: पुढचे खडक मऊ आले. पुढच्या वेळी फोकस बदलून दोन फ्रेम घेऊन जोडणार होतो. पण लिहिता लिहिता सुचतंय, भरतीला जाऊन खडकच बुडू दिले तर? मग फोकस सरळ पुलावर. उजवीकडे, सूर्याच्या बाजूला, आकाश जास्त तापलेलं असतं, तिथे फिल्टर थोडा तिरका करूनही बघतो. भरतीचं वेळापत्रक उघडलंय. संध्याकाळची भरती कधी जुळते ते शोधतोय.