अंगठ्याखालचा दोन

पेरणीसाठी परभणीजवळच्या आमच्या गावी आले होते, त्यात नांदेडला कॉलेजातला एक तास बुडाला. रात्री रूममेटने स्वाध्यायाच्या पानाचा फोटो टाकला. वक्राची लांबी काढायची होती:

y = x³/6 + 1/x, x = 1 ते x = 2

सूत्र सरळ आहे. वक्राचा बारीकसा तुकडा सरळ रेघ धरला की आडवी बाजू dx, उभी dy, आणि तुकड्याची लांबी पायथागोरसने येते. dx बाहेर काढला की

L = ∫ √(1 + (y′)²) dx

y′ = x²/2 − 1/x² आला. वर्ग केला: x⁴/4 − 1 + 1/x⁴. त्यात 1 मिळवला तर मधलं पदच गेलं. उरलं √(x⁴/4 + 1/x⁴).

इथं हात शिवशिवतो. दोन्ही पदांचं वेगवेगळं मूळ काढून मोकळं व्हावंसं वाटतं. पण √(9 + 16) म्हणजे 5, 7 नव्हे. मग x² = t धरून बघितलं, अजून काय काय धरून बघितलं. अर्धा तास गेला. माय दोनदा जेवायला बोलावून गेली.

शेवटी उलटीकडून विचार केला. साध्या y = x³ ची लांबीसुद्धा नेहमीच्या फलांत मांडता येत नाही, म्हणजे स्वाध्यायातलं गणित मूळ सुटेल असंच मुद्दाम बनवलेलं असणार. (a − b)² मध्ये 1 मिळवून (a + b)² व्हायचं असेल, तर −2ab चं +2ab व्हायला पाहिजे, म्हणजे 4ab = 1. माझ्याकडे ab होता x²/2 × 1/x² = 1/2. पाहिजे होता 1/4. छेदात कुठंतरी एक 2 कमी होता!

फोटो मोठा करून बघितला. 1/x च्या छेदावर अंगठ्याची सावली. फोन लावला.

“अगं, खाली 2x आहे का?”

“हो की. तुला दिसत नाही का?”

आता y = x³/6 + 1/(2x), म्हणून y′ = x²/2 − 1/(2x²). वर्गात मधलं पद −1/2 येतं, 1 मिळवला की +1/2:

1 + (y′)² = x⁴/4 + 1/2 + 1/(4x⁴) = (x²/2 + 1/(2x²))²

कंसातलं इथं धनच आहे, त्यामुळे मूळ बिनधास्त काढलं.

L = [x³/6 − 1/(2x)], 1 ते 2
= 13/12 − (−1/3) = 17/12

म्हणजे साधारण 1.417. पडताळा म्हणून दोन टोकांमधलं सरळ अंतर काढलं. y 2/3 वरून 19/12 वर जातो, फरक 11/12, तर अंतर सुमारे 1.357. वक्र त्याहून थोडा लांब, बरोबर बसलं.

तेवढ्यात तिने नवा फोटो टाकला. छेदातला 2 आता स्वच्छ दिसत होता. अंगठा खालच्या गणितावर सरकला होता.