तासाला कढई किती देते

सांगलीत आमच्या फरसाणाला एकवीस वर्षं झाली, पण लिहायचं आहे ते २०२२ च्या उन्हाळ्याबद्दलच. एप्रिलात इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली, आधीच चढलेल्या तेलाला हात लावता येईना, आणि तेलवाल्याने उधारी बंद केली. टेम्पो रोज भरून जायचा, तरी महिनाअखेरीला पगाराला पैसे नव्हते.

भरायचा तो बटाटा वेफर्सनी. सर्वांत खपाचा माल आमचा. गावातल्या एका नव्या कारखान्याने बारा पाकिटांवर एक फुकट द्यायला सुरुवात केली, म्हणून आम्हीही दिलं. दुकानदार आमची स्कीम घ्यायचे आणि त्या कारखान्याचा माल पुढच्या फळीवर मांडायचे. ते मला आजही खुपतं.

शेवटी मी कढईशेजारी काटा मांडला. कच्चा बटाटा, दिवसभर कढईत वरून ओतलेलं तेल, तयार माल, सगळं आठवडाभर वजन करून वहीत उतरवलं. एक किलो वेफर्सला चार किलो बटाटा लागला, ८० रुपये. साडेतीनशे ग्रॅम तेल, ५६ रुपये. गॅस, मजुरी, पाकिटं मिळून ५४. झाले १९०. दुकानदाराचा भाव २२०, म्हणजे तीस रुपये सुटतात, असंच आम्ही धरत होतो. पण तेरावं फुकट पाकीट धरलं की हातात २०३ येतात. चुरा झालेला, खवट झालेला माल परत यायचा, त्याचे दहा गेले. उरले तीन रुपये.

साध्या शेवेला किलोमागे तीस उरत होते. पण खरा फरक कढईच्या तासात दिसला. बटाट्यातलं सगळं पाणी तेलातच आटवावं लागतं, म्हणून तासाला जेमतेम सहा किलो वेफर्स निघायचे. शेव सोऱ्यातून पाडली की पंधरा किलो. एकाच कढईचा तास, एकीकडे अठरा रुपये, दुसरीकडे साडेचारशे.

टेम्पोची लाइन सांभाळणारे माझे दीर पहिल्या दिवसापासूनचे भागीदार. वेफर्स बंद करू म्हटल्यावर ते म्हणाले, "वहिनी, वेफर्स नसले तर दुकानदार शेवही घेणार नाही." भीती खोटी नव्हती. काही दुकानं सुटलीच. तासगावचे आमचे जुने किराणावाले काका मात्र म्हणाले, "शेव वेळेवर पाठवा, वेफर्सचं मी बघतो," आणि शेवेची ऑर्डर दुप्पट केली. ती ऑर्डर नसती तर मोकळी कढई पाहत बसलो असतो, कारण शेडचं भाडं वेफर्स बंद केले म्हणून थांबत नाही.

म्हणून सांगते, खपाचा माल बंद करण्याआधी त्या कढईत दुसरं काय तळणार आणि ते कोण घेणार, हे विचारून घ्या. आणि फुकट पाकिटं जाहिरातीच्या खात्यावर टाकू नका, त्याच मालाच्या भावातून वजा करा.

श्रावणात उपवासाचे वेफर्स आम्ही अजून तळतो. आगाऊ पैसे घेऊन, स्कीमशिवाय.